ड्रॉइंगच्या कामासाठी कॉम्प्युटर घेताय? किती कोअर ते मोजू नका, एका कोअरचा वेग बघा

‘२८ कोअर, ६४ जीबी रॅम, कंपनीतून निघालेलं वर्कस्टेशन, फक्त ४५ हजार.’ अशा जाहिराती तुमच्याही मोबाईलवर येत असतील. आपल्या भागातल्या एका तरुणानं अशीच जाहिरात बघून मशीन घेतलं. आयटीआयचा ड्राफ्ट्समन मेकॅनिकल ट्रेड केलेला मुलगा. तीन वर्षं शहरात एका कारखान्यात ड्रॉइंगचं काम केलं, मग गावी परत आला. तालुक्यात मळणी यंत्र, ट्रॉली, पेरणी यंत्र बनवणारी वर्कशॉप आहेत, त्यांना सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल आणि लेझर कटिंगसाठी ड्रॉइंग करून द्यायचं, असा त्याचा धंदा. कॉम्प्युटरसाठी आईचं सोनं गहाण ठेवून कर्ज काढलं होतं.

मशीन घरी आलं आणि पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, “दादा, कारखान्यातलं सहा कोअरचं साधं मशीन याच्यापेक्षा जोरात पळायचं. हे २८ कोअरचं असून अडकतंय.”

दुकानदार म्हणाला रॅम वाढव. एका मित्रानं सांगितलं मोठं गेमिंग कार्ड टाक. दोन्हींना आणखी पैसे लागणार होते आणि दोन्हींनी मूळ दुखणं गेलं नसतं. आम्ही त्याच्याकडे बसून एक एक गोष्ट तपासली. जे सापडलं ते इथं सविस्तर देतोय, कारण सॉलिड मॉडेलिंगसाठी मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला तोच हिशेब लागतो.

आधी दुखणं ओळखा

कॉम्प्युटर ‘स्लो आहे’ म्हणून भागत नाही. तो नेमका कधी अडकतो ते बघायचं. माप बदललं, ओके दाबलं आणि मग ताटकळत बसावं लागलं, तर तो प्रोसेसरचा प्रश्न आहे. माप बदलताना काही नाही, पण मॉडेल फिरवताना चित्र झटके खातं, कडा गायब होतात, तर ग्राफिक्स कार्डाकडे बघा. आणि सकाळी सगळं ठीक चालतं, पण चार फाइली उघडल्यावर एका खिडकीतून दुसरीत जायलाही वेळ लागतो, डिस्कचा दिवा सारखा लुकलुकतो, तर मेमरी कमी पडतेय.

आपल्या या मुलाला पहिल्या दोन्ही तक्रारी होत्या. तिसरी अजिबात नव्हती, आणि दुकानदार नेमका तिच्यावरच औषध देत होता.

२८ कोअर असून काम एकच का करतो?

सॉलिड मॉडेलिंगमध्ये भाग कसा तयार होतो ते आठवा. आधी एक पत्रा किंवा ठोकळा काढायचा. त्याला भोक पाडायचं. भोकाच्या कडेला गोलाई द्यायची. मग ते भोक पुढं ओळीनं कॉपी करायचं. डाव्या बाजूला जी यादी दिसते त्यात हे सगळं क्रमानं लिहिलेलं असतं. आता पहिल्या पत्र्याचं माप बदललं, तर सॉफ्टवेअरला वरून खाली सगळी यादी पुन्हा सोडवावी लागते. ठोकळा तयार झाल्याशिवाय भोक कुठं पडेल ते कळत नाही, आणि भोकाशिवाय गोलाई देता येत नाही.

एक पोळी करायला दहा बायका बसवल्या तरी ती दहापट लवकर होत नाही. पीठ मळल्याशिवाय लाटता येत नाही, लाटल्याशिवाय तव्यावर टाकता येत नाही. दहा पोळ्या करायच्या असतील तेव्हा मात्र दहा हात उपयोगाला येतात. फीचरची यादी सोडवणं म्हणजे एक पोळी. ग्राहकाला दाखवायचा फोटोसारखा रेंडर म्हणजे शंभर पोळ्या, कारण चित्राचे तुकडे वेगवेगळे करता येतात. मॉडेलिंग करणाऱ्याचा दिवस बहुतेक त्या एका पोळीतच जातो.

हे नुसतं सांगण्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. `Ctrl+Shift+Esc` दाबलं की `Task Manager` उघडतो. त्यात `Performance` मध्ये `CPU` वर या. आता सॉलिडवर्क्समध्ये आपला सगळ्यात जड भाग उघडून `Ctrl+Q` दाबा. यानं पूर्ण यादी पहिल्यापासून सोडवली जाते. ते चालू असताना सीपीयूचा आकडा किती टक्के दिसतो ते बघा.

या मुलाच्या मशीनमध्ये `Xeon E5-2680 v4` असे दोन प्रोसेसर होते. एकात १४ कोअर, म्हणजे दोन्ही मिळून २८, आणि प्रत्येक कोअर दोन धागे चालवतो म्हणून विंडोजला ५६ दिसतात. `Ctrl+Q` दाबल्यावर आकडा किती दिसला? दोन-तीन टक्के. शंभरला ५६ नं भागा, पावणेदोन येतात. म्हणजे एक धागा जीव तोडून पळतोय आणि बाकीचे पंचावन्न बसून आहेत. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मशीन तर निवांत आहे, मग सॉफ्टवेअरच अडकलं असेल.

एक बारकावा सांगतो. वेगवेगळ्या कोअरचे आलेख उघडले तर एकच कोअर शंभर टक्के भरलेला दिसेलच असं नाही. विंडोज ते काम क्षणाक्षणाला एका कोअरवरून दुसऱ्यावर ढकलत असतं. म्हणून आलेख बघून फसू नका, एकूण टक्का बघा. बारा धाग्यांच्या मशीनवर तो आठ-नऊ टक्क्यांवर, वीस धाग्यांच्या मशीनवर पाच टक्क्यांच्या आसपास अडकलेला दिसला आणि तुम्ही ताटकळत असाल, तर तुम्हाला जास्त कोअर नकोत, जोरात पळणारा कोअर हवाय.

चाळणीनं खाल्लेली ३८ सेकंदं

आता त्याच्या मॉडेलकडे. मळणी यंत्राची असेंब्ली होती. यंत्राच्या चौकटीचं कुठलंही माप बदललं की ४० सेकंद थांबा. दिवसात असे शंभर बदल होतात, म्हणजे तासाभराहून जास्त वेळ नुसतं बघत बसायचं. शिवाय वाट बघताना हात मोबाईलकडे जातो आणि काय करत होतो तेच विसरतं.

सॉलिडवर्क्समध्ये `Tools > Evaluate > Performance Evaluation` असं एक साधन आहे. एखादा भाग उघडून ते चालवलं की प्रत्येक फीचरला किती सेकंद लागले त्याची यादी येते, जास्त वेळ खाणारं वर. यंत्राचे मुख्य भाग एक एक करून तपासले. बहुतेक भाग एका सेकंदाच्या आत होत होते. चाळणीचा पत्रा मात्र एकटा ३८ सेकंद घेत होता. त्यात अठराशे भोकं होती, प्रत्येक खरोखर पाडलेलं. शिवाय चाळणीची लांबी चौकटीच्या मापाशी जोडलेली. चौकट पाच मिलिमीटर हलली की सगळी भोकं नव्यानं.

इथं मशीन बदलण्याआधी करायचं काम होतं. वर्कशॉपवाला चाळणीची जाळी बाजारातून तयार आणतो, फक्त मापात कापून घेतो. मग मॉडेलमध्ये भोकं पाडायची गरजच काय? भोकांचं फीचर यादीत सगळ्यात शेवटी नेलं आणि `Suppress` करून झाकून ठेवलं. ग्राहकाला चित्र द्यायचं त्या दिवशी उघडायचं, एरवी झाकलेलं. चौकटीचं माप बदलल्यावरचा थांबा ४० वरून आठ सेकंदांवर आला. एक रुपया खर्च न करता.

हे मुद्दाम आधी सांगितलं, कारण जड मॉडेल घेऊन दुकानात गेलं की दुकानदार महाग मशीनच दाखवणार. ज्यांचं मशीन अजून घ्यायचं आहे, त्यांनीही जुन्या किंवा मित्राच्या मशीनवर ही तपासणी एकदा करून घ्यावी. बारीक भोकांच्या जाळ्या, बोल्टांवरचे खरे पिळाचे आटे, कोरलेली अक्षरं, या तीन ठिकाणी बहुतेक वेळ सापडतो.

पण सगळंच झाकता येत नाही. पंख्याची वळणदार पाती, पत्र्याचा घडी घातलेला नरसाळ्यासारखा हॉपर, यांना वेळ लागणारच. म्हणून मग त्याच फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन आम्ही एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथं `i5-14600K` चं मशीन होतं. भोकं उघडी ठेवून तोच चाळणीचा पत्रा, तेच `Ctrl+Q`. अठरा सेकंद. १४ कोअरच्या या एका प्रोसेसरनं २८ कोअरच्या जोडीला निम्म्याहून कमी वेळात मागं टाकलं.

प्रोसेसर निवडताना काय वाचायचं

कागदावर गिगाहर्ट्झचे दोन आकडे असतात. एक बेस आणि एक कमाल, ज्याला टर्बो म्हणतात. एका कोअरवरच्या कामाला कमाल आकडा महत्त्वाचा. वरच्या झिऑनचा बेस २.४ आणि कमाल ३.३. `i5-12400` चा कमाल ४.४. `i5-14600K` चा ५.३.

पण एवढ्यावर थांबू नका. गिगाहर्ट्झ म्हणजे बैलाची पावलं समजा. पावलं किती पडतात हे एक, आणि एका पावलात किती अंतर कापलं जातं हे दुसरं. २०१६ साली बाजारात आलेल्या त्या झिऑनचं पाऊल आजच्या प्रोसेसरपेक्षा आखूड आहे. म्हणून ३.३ आणि ५.३ मध्ये फरक दीडपटीच्या थोडा वर दिसतो, पण प्रत्यक्ष काम दुपटीनं होतं.

मोबाईलवर सोपा उपाय आहे. `cpubenchmark.net` वर प्रोसेसरचं नाव टाका. तिथं मोठ्या अक्षरात `CPU Mark` दिसेल, तो सगळ्या कोअरचा मिळून आकडा आहे. आपल्या कामाचा तो नव्हे. त्याच पानावर `Single Thread Rating` लिहिलेलं असतं, तो बघा. दोन मशीनची तुलना त्याच आकड्यावर करा. जुनं २८ कोअरचं मशीन पहिल्या आकड्यात ऐटीत दिसेल आणि दुसऱ्यात तोंडावर पडेल.

मग किती कोअर पुरे? सहा ते आठ चांगले कोअर असले की मॉडेलिंगला पुरतात. एक सॉफ्टवेअरला, बाकीचे विंडोज, ब्राउझर, पीडीएफ यांना. रोज तासन्‌तास रेंडर किंवा ताण-दाबाचं सिम्युलेशन चालवणाऱ्यानं जास्त कोअर घ्यावेत, पण तेव्हाही एका कोअरचा वेग सोडून नाही.

इंटेलचे १३ आणि १४ व्या पिढीचे जोरकस प्रोसेसर घेताना एक खबरदारी. त्यातल्या काहींना जास्त व्होल्टेजमुळे कालांतरानं बिघाड होत असल्याचं निघालं होतं. कंपनीनं २०२४ मध्ये त्यावर दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ती दुरुस्ती मदरबोर्डच्या बायोसमधून येते. त्यामुळे मशीन ताब्यात घेतानाच दुकानदाराला बायोस ताजं करून द्यायला सांगा आणि पडद्यावर त्याची तारीख बघा, ती सप्टेंबर २०२४ च्या नंतरची हवी. सेकंडहँड प्रोसेसर घेत असाल तर तो आधी किती दिवस दुरुस्तीशिवाय चालला हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून या दोन पिढ्यांत नवाच घ्यावा असं माझं मत.

जुन्या झिऑनबद्दल आणखी एक. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचा आधार बंद केला. आणि `E5 v4` हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. जुगाड करून बसवणारे आहेत, पण धंद्याच्या मशीनवर जुगाड किती दिवस पुरवायचा ते ज्यानं त्यानं ठरवावं.

सर्टिफाइड कार्ड म्हणजे काय, आणि त्यावाचून काय बिघडतं

आता दुसरं दुखणं. या मुलाच्या मशीनमध्ये एक जुनं गेमिंग कार्ड होतं. मॉडेल फिरवताना काही कडा मधूनच दिसेनाशा व्हायच्या. माउस एका कडेवर नेला की शेजारची कड उजळायची. तो म्हणायचा, सवय झाली. पण एकदा ही सवय महागात पडली. एका पत्र्यावर भोकाचं अंतर बाहेरच्या कडेपासून द्यायचं होतं, ते घडीच्या आतल्या कडेपासून दिलं गेलं. पडद्यावर दोन रेघांपैकी एकच दिसत होती. फरक पत्र्याच्या जाडीएवढा, तीन मिलिमीटर. लेझरवर बारा प्लेटा कापून आल्या, एकही बसली नाही. वर्कशॉपवाल्यानं पत्रा आणि कटिंग दोन्हींचे पैसे त्याच्या बिलातून वळते केले. ड्रॉइंग त्याचं होतं, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

गेमिंग कार्ड वाईट असतं असं नाही. पण त्याचा ड्रायव्हर गेमसाठी घडवलेला असतो. गेममध्ये सेकंदाला जास्त चित्रं दिसली पाहिजेत, एखादी रेघ पुसट झाली तर कुणाचं काही अडत नाही. सॉलिडवर्क्स चित्र काढायला ओपनजीएल ही पद्धत वापरतं, आणि तिथं हजारो बारीक कडा, लपलेल्या रेघा, पारदर्शक पृष्ठभाग बिनचूक दिसावे लागतात. सर्टिफाइड म्हणजे सॉफ्टवेअर कंपनीनं ते कार्ड, त्याचा अमुक नंबरचा ड्रायव्हर आणि आपल्या सॉफ्टवेअरची अमुक आवृत्ती एकत्र चालवून तपासली आहे. तिन्हींची जोडी जुळली पाहिजे. नुसतं ‘प्रोफेशनल कार्ड आहे’ म्हणून चालत नाही.

सॉलिडवर्क्सच्या वेबसाइटवर या कार्डांची यादी असते. आपली आवृत्ती आणि कार्ड निवडलं की कोणता ड्रायव्हर चालतो ते येतं आणि तिथूनच उतरवता येतो. एनव्हिडियाची `T1000`, `RTX A2000` यांसारखी आणि एएमडीची रेडिऑन प्रो मालिकेतली कार्डं या कामासाठीच बनतात. जीफोर्स नावाची गेमिंग कार्डं त्या यादीत नसतात. घेण्याआधी आपल्या आवृत्तीसमोर त्या कार्डाचं नाव आहे ना, एवढं स्वतःच्या डोळ्यानं बघा.

आपल्या मशीनवर कार्डाचंच दुखणं आहे का, हे कसं ओळखायचं? सगळ्या फाइली बंद करा, कारण फाइल उघडी असली की हा पर्याय बदलता येत नाही. `Tools > Options > System Options > Performance` मध्ये जाऊन `Use software OpenGL` वर टिक करा. आता चित्र काढायचं काम कार्डाऐवजी प्रोसेसर करेल. मॉडेल फिरवताना जड जाईल, पण गायब होणाऱ्या कडा परत आल्या तर दोष कार्डात किंवा ड्रायव्हरमध्ये आहे, मॉडेलमध्ये नाही. आमच्याकडे तसंच झालं. तपासून झाल्यावर टिक काढायला विसरू नका.

दुसरी खूण म्हणजे `RealView Graphics` हे बटण. ते फिकट, दाबता न येणारं असेल, तर सॉफ्टवेअर तुमच्या कार्डाला ओळखत नाही. यूट्यूबवर रजिस्ट्री बदलून हे बटण चालू करायचे व्हिडिओ खूप आहेत. त्यानं चकाकी दिसते, ड्रायव्हर मात्र तोच राहतो आणि कडा गायब व्हायच्या त्या होतातच.

कार्ड बसवल्यावर अनेकांची फसगत दोन ठिकाणी होते. एक, विंडोज अपडेट परस्पर नवा ड्रायव्हर टाकतं. काल ठीक होतं, आज बिघडलं, असं झालं तर आधी ड्रायव्हरचा नंबर तपासा आणि यादीतला परत टाका. इथं सगळ्यात नवा म्हणजे सगळ्यात चांगला असं नसतं. दुसरी गोष्ट छोटी पण दिवस वाया घालवणारी. `T1000` आणि `A2000` या कार्डांना मिनी डिस्प्लेपोर्टचं तोंड असतं, घरचा मॉनिटर एचडीएमआय किंवा जुना व्हीजीए. अडॅप्टर बरोबर आलाय ना ते बॉक्स उघडून बघा, नाहीतर एका वायरसाठी शहराची फेरी.

चांगली गोष्ट अशी की या कार्डांना वीज कमी लागते. `T1000` ला ५० वॅट, `A2000` ला ७० वॅट, वेगळी पॉवर केबलही लागत नाही. आणि कार्ड मोठं घेतलं म्हणून माप बदलल्यानंतरचा थांबा कमी होत नाही, कारण ते गणित प्रोसेसर करतो. दोन-चारशे भागांच्या असेंब्लीला चार ते आठ जीबीचं कार्ड बास.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. ज्यांना फक्त ऑटोकॅडमध्ये साधं टू-डी ड्रॉइंग करायचं आहे, घराचे नकाशे, प्लॉटची मोजणी, त्यांनी सर्टिफाइड कार्डावर खर्च करू नये. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स त्यांचं काम भागवतं. प्रोसेसरच्या नावाशेवटी `F` असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, तेवढं टाळा.

मेमरी: पुरेल इतकी, त्याहून जास्त नको

त्याच्याकडे ६४ जीबी रॅम होती. मळणी यंत्राची पूर्ण असेंब्ली, तिची तीन ड्रॉइंग, ब्राउझर, व्हॉट्सअॅप, सगळं उघडून बघितलं. वापर १३ जीबी. बाकी ५१ जीबी रिकामी. रॅम ही शेतातल्या विहिरीसारखी नाही की जास्त साठा म्हणजे पुढच्या वर्षाला उपयोग. ती कामाच्या ओट्यासारखी आहे. ओटा पुरत नसेल तर वस्तू उचलून फडताळात ठेवायला लागतात, म्हणजे डिस्कवर, आणि तिथं सगळं मंदावतं. पण ओटा पुरतोय तर तो दुप्पट करून स्वयंपाक लवकर होत नाही.

मोजायची रीत तीच. तुमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं काम उघडा, `Task Manager` मध्ये `Memory` बघा. वापर ऐंशी टक्क्यांच्या वर जात असेल तर वाढवा. सॉलिडवर्क्स स्वतः किमान १६ जीबी सांगतं. शेतीच्या यंत्रांसारख्या कामाला नवं मशीन घेताना ३२ जीबी घ्यावी, त्यात काही वर्षं निघतात. ३२ ची एक पट्टी घेण्याऐवजी १६ च्या दोन घ्या, कारण दोन पट्ट्यांतून प्रोसेसरला एकदम डेटा मिळतो. मदरबोर्डला चार खाचे असतील तर पुढं वाढवायला दोन मोकळे राहतात.

‘ती ६४ जीबी काढून नव्या मशीनला लावू’ असा त्याचा विचार होता. ते होत नाही. झिऑनच्या त्या मशीनमध्ये सर्व्हरची रजिस्टर्ड ईसीसी रॅम होती. साध्या मदरबोर्डवर ती चालत नाही, खाचेत बसली तरी मशीन चालू होत नाही. जुनं वर्कस्टेशन स्वस्त दिसतं त्यातलं हेही एक कारण आहे, त्याचे सुटे भाग दुसरीकडे कामाला येत नाहीत.

आपल्याकडची उष्णता, धूळ आणि वीज

प्रोसेसरचा कमाल वेग तो थंड असेल तरच टिकतो. फार तापला की तो स्वतःला वाचवायला वेग खाली आणतो. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी हे हमखास होतं. ओळखायचं असं: `Ctrl+Q` चालू असताना `Task Manager` मध्ये `Speed` समोरचा आकडा बघा. सकाळी पाचच्या आसपास असणारा दुपारी साडेतीनवर येत असेल, तर तुम्ही पैसे दिलेला वेग तुम्हाला मिळत नाहीये. नावाशेवटी `K` असलेल्या प्रोसेसरच्या डब्यात पंखा येत नाही, चांगला कूलर वेगळा घ्यावा लागतो. तिथं काटकसर करू नका.

मशीन ग्राइंडरजवळ ठेवू नका. लोखंडाचा भुगा पंख्यानं आत ओढला जातो आणि तो वीज वाहून नेतो. कापसाच्या तुसापेक्षा हे घातक. आणि यूपीएस हवाच, पण तो काम करत बसायला नाही, फाइल सेव्ह करून बंद करायला. असं मशीन आणि मॉनिटर मिळून भरात असताना तीनशे वॅटच्या आसपास ओढू शकतं, त्यामुळे सर्वात छोटा ६०० व्हीएचा यूपीएस ऐनवेळी बसतो. १००० व्हीएचा घ्या.

शेवटी त्यानं काय केलं

दुकानदारानं मशीन परत घेतलं, पण आठ हजार कापून. बाकी पैशात आणि थोडी भर घालून त्यानं `i5-14600K`, चांगला कूलर, १६ च्या दोन अशी ३२ जीबी रॅम, एक टीबीची एनव्हीएमई डिस्क आणि `T1000` चं ८ जीबीचं कार्ड घेतलं. कॅबिनेट साधं, रंगीत दिवे नाहीत. पैसे देण्याआधी त्यानं दुकानातच चाचणी घेतली. चाळणीची फाइल पेन ड्राइव्हवर होती, सॉलिडवर्क्स तिथंच टाकून आपल्या लायसन्सनं चालू केलं. दुकानदार जरा कुरकुरला, अशी चाचणी त्याच्याकडे आधी कुणी मागितली नव्हती. पत्रा अठरा सेकंदांत झाला. `RealView` चं बटण दाबता येत होतं. ड्रायव्हरचा नंबर यादीशी जुळवला, मगच बिल केलं.

आता चौकटीचं माप बदललं की, भोकं झाकलेली असताना, साडेतीन ते चार सेकंद लागतात. कापायला पाठवण्याआधी तो प्रत्येक प्लेटेचं भोकाचं अंतर कागदावर पुन्हा मोजतो. ती सवय बारा प्लेटांनी लावली.